पान नंबर तीन

"पुस्तक काढा, पान नंबर तीन उघडा, वरच्या चित्रात काय आहे ते बघा आणि खाली तसंच चित्र शोधून त्याला गोल करा."

जूनच्या उत्तरार्धात जिल्हा परिषदेच्या कुठल्याही शाळेत, पहिलीच्या वर्गाबाहेर पाच मिनिटं उभं राहिलं तर अशा धाटणीचं वाक्य कानावर पडतं. बोलणाऱ्या गुरुजींना ते साधं वाटतं. ऐकणाऱ्या मुलाला मात्र त्यात पाच कामं ओळीने करायची असतात, आणि पाचवं काम येईपर्यंत पहिली चार लक्षात ठेवायची असतात. शिवाय पुस्तक कुठल्या बाजूने उघडतं, पानाला नंबर असतो आणि तो कोपऱ्यात छापलेला असतो, कागदावर 'वर' म्हणजे छताकडे नव्हे तर आपल्यापासून लांबच्या कडेला, 'तसंच' म्हणजे कशाच्या बाबतीत तसंच, हेही त्याला आधीच माहीत असावं लागतं. यातलं काहीही त्या दिवशी शिकवलं जात नाही. ते येतं असं धरून चाललेलं असतं.

ज्या घरात आई-वडील शिकलेले आहेत तिथे हे नकळत होऊन गेलेलं असतं. दिनदर्शिकेची पानं उलटताना, लग्नपत्रिकेवरचा गणपती दाखवताना, मोठ्या बहिणीच्या वहीत रेघोट्या मारून धपाटा खाताना. ज्या घरातून शाळेत जाणारं हे पहिलंच मूल आहे, तिथे ही शिकवणी देणारी जागा एकच उरते, ती म्हणजे गावातली अंगणवाडी. म्हणून अंगणवाडीतून निघालेल्या मुलाला किती अक्षरं येतात, यापेक्षा मला हे वरचं वाक्य त्याला पेलतं का, हा प्रश्न जास्त कामाचा वाटतो.

अंगणवाडी हा शब्द आणि ही कल्पना दोन्ही आपल्याकडची. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येत नाहीत म्हणताना बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, असा तो साधा विचार होता. शंख-शिंपले, बिया, पानं, माती हेच साहित्य. पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि देशभरात केंद्रांचं नाव अंगणवाडी पडलं. नाव टिकलं, पण योजनेच्या सहा सेवांमध्ये शालेय पूर्वशिक्षण ही एक. बाकीच्या पाच आहार, लसीकरण, तपासणी, संदर्भसेवा आणि मातांचं आरोग्यशिक्षण अशा. वजन कमी भरलं तर वरून विचारणा होते, मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकरमध्ये नोंद राहिली तर त्याच दिवशी कळतं. गोष्ट सांगायची राहिली तर कुणालाच कळत नाही. सेविका शिकवत नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांनी हा फरक आधी समजून घ्यावा.

आता एका अंगणवाडीचा हिशेब मांडून बघू. पटावर तीन ते सहा वयाची २४ मुलं धरा: तीन वर्षांची ९, चारची ८, पाचची ७. सेविका एक, मदतनीस एक. दहाला दार उघडतं, पण मदतनीस घरोघर फिरून मुलं गोळा करून आणेपर्यंत साडेदहा होतात. मग प्रार्थना, हजेरी, मोबाइलवरच्या नोंदी. साडेअकरानंतर खिचडी किंवा उसळीचा वास सुटला की मुलांचं लक्ष संपलं. हात धुणं, जेवण, ताटल्या, पेंगणारी लहानगी, आणि मध्येच लसीची चौकशी करायला आलेली एखादी गरोदर बाई. मधला राहतो तो तास. त्यात तीन वयोगट एकाच खोलीत. मदतनिसाने लहान मुलांना ओट्यावर वाळूत किंवा गाण्यात गुंतवलं, तरच सेविकेला पाच वर्षांच्या सात मुलांसोबत सलग २० मिनिटं मिळतात. आठवड्याचे पाच दिवस, वर्षाचे ४० आठवडे धरले तरी ते ६५ तासांच्या आसपास भरतात. बीडकडच्या ऊसतोड कुटुंबातलं मूल दिवाळीच्या सुमारास आई-बापाबरोबर फडावर गेलं आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परतलं, तर त्याच्या वाट्याला निम्मेच.

त्या ६५ तासांचं काय करायचं, यावर सगळं अवलंबून आहे. बहुतेक ठिकाणी ते मुळाक्षरांवर आणि शंभरपर्यंतच्या पाठांतरावर जातात. यात सेविकेपेक्षा पालकांचा दबाव मोठा आहे. स्वतः शाळा न पाहिलेल्या आईला शिकणं म्हणजे पाटीवर उमटलेलं काहीतरी, एवढंच मोजता येतं. शेजारचं मूल तालुक्याच्या केजीत जाऊन 'एबीसीडी' म्हणून दाखवतं आणि आपलं मूल दिवसभर माती खेळून येतं, हे तिला बोचतं. मग 'खिचडीची शाळा' हे नाव पडतं आणि पाच वर्षांची मुलं गळू लागतात. मुलं गळू नयेत म्हणून सेविका तीन वर्षांच्या मुलाच्या हातातही पाटी देते आणि ठिपक्यांचा 'अ' गिरवायला लावते. त्या वयाच्या मुलाची पेन्सिल अजून मुठीत असते, मनगट सुटं झालेलं नसतं. ते खांद्यापासून हात फिरवून रेघ ओढतं, जोर इतका लावतं की पेन्सिल मोडते, आणि दोन महिन्यांत पाटी दिसली की तोंड फिरवतं. कागद फाडणं, मणी ओवणं, कणकेसारखी माती वळणं, जमिनीवर खडूने मोठे गोल काढणं हे आधी व्हायला हवं होतं. पण ते घरी न्यायला काही उरत नाही, अडचण तिथे आहे. ज्या सेविका यातून वाट काढतात त्या सहसा पालकांना समजावत बसत नाहीत. महिन्यातून एकदा आयांना बोलावून मुलाकडून त्यांच्यासमोर गोष्ट सांगून घेतात, मोजून घेतात. पाटीपेक्षा हा पुरावा आयांना लवकर पटतो.

माझ्या मते त्या वीस मिनिटांवर पहिला हक्क बोलण्याचा आहे, आणि बोलणं म्हणजे गाणी नव्हेत.

घरातलं बोलणं बहुतेक समोर दिसणाऱ्या गोष्टींचं असतं. "ते इकडं आण", "त्याला तिकडं बांध". बोट, नजर आणि प्रसंग अर्धा अर्थ पुरवतात. ते बोलणं दरिद्री नाही. पाच वर्षांचं मूल शेळ्या ओळखतं, कुणाची कुठली ते सांगतं, दुकानातून चहापूड आणतं. पण शाळेतलं बोलणं आणि पुस्तकातली भाषा समोर नसलेल्या गोष्टींची असते. तिथे बोट दाखवून भागत नाही, सगळा अर्थ शब्दांनीच वाहून न्यावा लागतो. त्यासाठी लागणारे शब्द नामं नसतातच, ते 'म्हणून', 'पण', 'आधी', 'नंतर', 'जर', 'नाहीतर' असे सांधे असतात.

चिऊ-काऊची गोष्ट घ्या. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं घर मेणाचं, पाऊस आला, कावळ्याचं घर वाहून गेलं. हीच एक गोष्ट सलग पाच दिवस सांगायची. पहिल्या दिवशी फक्त हावभावांनी, पुस्तक न दाखवता. दुसऱ्या दिवशी वस्तू आणायच्या: शेण मुलांनी पाहिलेलं असतं, मेण बहुतेकांनी नाही. मेणबत्तीचा तुकडा आणि वाळल्या गोवरीचा तुकडा दोन वाट्यांतल्या पाण्यात टाकून ठेवायचे आणि जेवणानंतर बोटाने दाबून बघायचे. गोवरी भिजून सुटते, पाणी गढूळ होतं, मेण तसंच. तिसऱ्या दिवशी सेविकेने वाक्य अर्धं सोडायचं आणि मुलांनी पुरं करायचं. चौथ्या दिवशी मुलं चिऊ आणि काऊ होतात. पाचव्या दिवशी एखादं मूल गोष्ट सांगतं आणि सेविका ऐकते.

खरी पारख एका प्रश्नाने होते: कावळ्याचं घर का वाहून गेलं? "पाऊस" म्हणणाऱ्या मुलाला गोष्ट कळली आहे, पण ते अजून एका शब्दावर काम भागवतंय. "शेणाचं होतं म्हणून" म्हणणारं मूल एक पायरी वर आलं. "शेणाचं होतं, मग पाऊस आला, म्हणून वाहून गेलं, पण चिमणीचं नाही गेलं" इतकं बोलणाऱ्या मुलाला पहिलीतल्या बाईंचं लांब वाक्य पेलेल, एकही अक्षर येत नसलं तरी. सेविकेने इथे करायचं काम अगदी छोटं आहे. "पाऊस" या उत्तरावर "शाब्बास" म्हणून पुढे जाण्याऐवजी तोच शब्द वाक्यात घालून परत द्यायचा: "हो, पाऊस आला म्हणून. आणि चिमणीचं का नाही गेलं?" मग तीन सेकंद गप्प बसायचं. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड जातं.

फसगत होते ती सामूहिक उत्तरांनी. सेविका विचारते, "मग चिमणी काय म्हणाली?" आणि खोलीभर आवाज उठतो, "थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते!" ऐकून पर्यवेक्षिकाही खूश होतात. नीट पाहिलं तर चार-पाच मुलं आधी बोलतात आणि बाकीची अर्धा श्वास मागून त्यांचा सूर पकडतात. ती मागून येणारी मुलं कोण, ते भिंतीकडेला बसलेल्यांकडे पाहिलं की कळतं. त्यांना एकेकटं, जेवणाच्या पंक्तीत ताटली मांडताना विचारावं. पंधरा दिवसांत सातही मुलांची पाळी येते.

दुसरी गोष्ट कानाची. वाचायला लागण्याआधी मुलाला हे उमगावं लागतं की शब्दाला अर्थाखेरीज आवाजही असतो आणि तो आवाज तुकड्यांनी बनतो. 'केळं मोठं की केळीचं झाड मोठं' याचं उत्तर अर्थातून येतं. 'केळी आणि केस यांच्या सुरुवातीला सारखं काय ऐकू येतं' याचं उत्तर आवाजातून. पहिल्या पिढीतल्या मुलाला दुसरा प्रश्न बहुधा कुणी विचारलेलाच नसतो. त्यामुळे 'क कमळाचा' हे त्याच्यासाठी एक सबंध गाणं असतं. त्यातला 'क' वेगळा काढून 'कप'मध्ये ऐकता येतो, हे त्याच्या लक्षातच आलेलं नसतं, आणि कमळ तर त्याने चित्राबाहेर क्वचितच पाहिलेलं असतं. असं मूल सगळी मुळाक्षरं तक्त्यावर काठी फिरवत बिनचूक म्हणतं. तक्त्यातलं एकच अक्षर कागदाने आजूबाजूचं झाकून विचारलं की अडतं, किंवा पहिल्यापासून म्हणत म्हणत तिथपर्यंत येतं.

यावरचा खेळ सर्वांना माहीत आहे: शब्द म्हणायचा आणि तुकड्यागणिक टाळी वाजवायची. पण त्यात मराठीची एक खोच आहे आणि तिथे भलेभले चुकतात. 'कमळ' लिहिताना तीन अक्षरं, बोलताना मात्र आपण 'क-मळ' असे दोनच तुकडे करतो. 'चिमणी' बोलताना 'चिम-णी', 'कावळा' म्हणजे 'काव-ळा', 'भाकरी' म्हणजे 'भाक-री'. कान चांगला असलेलं मूल भाकरीला दोन टाळ्या वाजवतं आणि सेविका, अक्षरं माहीत असल्यामुळे, त्याला तिसरी टाळी मारायला लावते. बरोबर मूल असतं. त्याला लिहिता येत नाही म्हणूनच ते जे ऐकू येतं तेच वाजवतं. तीन-चार वेळा असं झालं की मूल स्वतःच्या कानावर विसंबणं सोडतं आणि बाईंच्या हातांकडे बघून टाळ्या वाजवू लागतं.

म्हणून सुरुवातीला असे शब्द घ्यावेत ज्यांचं बोलणं आणि लिहिणं जुळतं. दोन टाळ्यांचे मासा, टोपी, गाडी, पाणी. तीन टाळ्यांचे बटाटा, चपाती, पपई, टोमॅटो. दिवसाला सहा शब्द पुरेत, पाच मिनिटांत होतात. तीन-चार आठवड्यांनी मुलांची स्वतःची नावं घ्यायची. मग पहिला आवाज: पोतडीतून वस्तू काढायची आणि 'पा'ने सुरू होणाऱ्या वस्तू एका टोपलीत. पान, पाटी, पाकीट इकडे. माती, दगड तिकडे. ज्या मुलाने हे चाळीसेक वेळा केलंय त्याला पहिलीत 'प' आणि काना दाखवला की जुन्या ओळखीच्या आवाजाला नवं चित्र लावायचं एवढंच काम उरतं. दोन्ही एकदम शिकावं लागणारं मूल तिथेच अडकून पडतं, आणि दिवाळीनंतरही फळ्यावरचं नुसतं उतरवून घेत राहतं.

तिसरी गोष्ट मोजण्याची. गावोगावी मुलं शंभरपर्यंत म्हणून दाखवतात आणि पाहुणे टाळ्या वाजवतात. मराठीत हे पाठांतर तसं अवघडच आहे. आपली संख्यानामं एककापासून सुरू होतात, 'एकोणतीस' म्हणताना तीस ऐकू येतात पण तिसाला एक कमी असतो, आणि प्रत्येक नाव जवळजवळ वेगळं पाठ करावं लागतं. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. बाजू कुठलीही घ्या, अडचण खरी होती. पाच वर्षांच्या मुलावर ते ओझं टाकून मिळत काहीच नाही. त्याला दहापर्यंतचं प्रमाण कळायला हवं.

तपासायला दहा चिंचोके आणि एक वाटी लागते. मुलासमोर दहाही ठेवायचे आणि म्हणायचं, "मला वाटीत तीन दे." मग एक, मग पाच, मग सात. शंभरपर्यंत म्हणणारं चार वर्षांचं मूल 'पाच दे' म्हटल्यावर बऱ्याचदा सरळ मूठ भरून वाटीत टाकतं. "पाच झाले का?" विचारलं की "हो." "मोजून दाखव" म्हटलं की मोजतं, आठ येतात, आणि तरी त्याला काही खटकत नाही. याचा अर्थ त्याच्यासाठी मोजणं हे बोट फिरवत म्हणायचं गाणं आहे. शेवटी आलेला आकडा हीच 'किती'ची किंमत, हे अजून जुळलेलं नाही. मुलं हे एक-एक पायरीने शिकतात. आधी 'एक' पक्का होतो, काही महिन्यांनी 'दोन', मग 'तीन', आणि चारच्या आसपास एकदम कळ दाबल्यासारखं पुढचं सगळं उलगडतं. त्यामुळे मूल कुठल्या पायरीवर आहे ते बघून पुढचा एकच आकडा द्यायचा. दोनवर असलेल्या मुलाशी आठ दिवस फक्त तीनचे खेळ: तीन ताटल्या आण, तीन उड्या मार, तिघांना पाणी दे. खिचडी वाढायची वेळ यासाठी उत्तम. "ओळीत पाच जण बसलेत, एका फेरीत पुरतील तेवढ्या ताटल्या आण" हा त्या वयातला सर्वात चांगला गणिताचा पाठ आहे, आणि त्याला वेगळा वेळही लागत नाही.

एक बारकावा इथेही आहे. मोजताना मूल 'सहा' म्हणताना दोन चिंचोक्यांना बोट लावतं, 'स' एकाला, 'हा' दुसऱ्याला. 'नऊ' आणि 'दहा'लाही तेच. पाचपर्यंत एका झटक्यात म्हणायचे शब्द असतात, म्हणून तिथपर्यंत चूक दिसत नाही. टाळ्यांचा खेळ जिथे चांगला चाललाय तिथे हा घोळ जास्त होऊ शकतो. उपाय सोपा: बोट लावण्याऐवजी चिंचोका उचलून दुसऱ्या बाजूला सरकवायचा. सरकवलेला परत मोजला जात नाही. चार वर्षांखालच्या मुलांच्या हाती मात्र चिंचोके देऊ नयेत, ते नाकात आणि घशात जातात. त्यांना मुठीत मावेल एवढे नदीचे गोटे द्यावेत.

मेळघाटासारख्या भागात या सगळ्याला आणखी एक पदर येतो. तिथे घरात कोरकू बोलतात, आणि कोरकू मराठीची बोली नाही. ती मुंडा कुळातली, मराठीशी नातं नसलेली भाषा आहे. पाण्याला 'दा' म्हणणाऱ्या मुलाला 'पाणी' हा शब्द नव्याने शिकावा लागतो, तसाच पुढचा प्रत्येक शब्द. धारणी-चिखलदऱ्यात सेविका त्याच गावची असते म्हणून तिला कोरकू येते, ही मोठी जमेची बाजू. अडचण पहिलीत उभी राहते, कारण तिथले गुरुजी बहुधा बाहेरगावचे असतात. मग सेविकेला वाटतं, आपण आतापासूनच मराठीत बोलावं म्हणजे मुलांना सवय होईल. ती स्वतःच्या मोडक्या मराठीत गोष्ट सांगते, मुलं डोळे मोठे करून बघतात, आणि 'म्हणून-पण-नाहीतर'चं जे काम व्हायचं ते कुठल्याच भाषेत होत नाही.

जिथे हे बरं जमतं तिथे कामाची विभागणी केलेली असते. गोष्ट, कारणं, मोजणं, टाळ्या हे सगळं कोरकूत. मराठी रोजच्या ठरलेल्या कामांमध्ये, कृतीसकट: बस, उभा राहा, दार उघड, पुस्तक दे, वर बघ, खाली ठेव, मध्ये ठेव, गोल कर. रोज तीच वाक्यं, त्याच वेळी, हातवाऱ्यांसह. दोन-तीन आठवड्यांनी हातवारे काढून घ्यायचे आणि मूल नुसत्या शब्दावर करतं का बघायचं. वर्षभरात अशी तीसेक सूचनावाक्यं पक्की झाली तर पान नंबर तीन उघडतं. आणि मूल गप्प आहे म्हणून मठ्ठ ठरवण्याआधी चिंचोक्यांचा प्रश्न त्याला कोरकूत विचारून बघावा. पाच चिंचोके मोजून दिले तर त्याला फक्त मराठी येत नाही, गणित येतं.

हे सगळं झालं तरी जूनमध्ये बरंच सांडतं. आपल्याकडे पहिलीसाठी ३१ डिसेंबरला सहा पूर्ण होणं धरतात. म्हणजे डिसेंबरात जन्मलेलं मूल जूनमध्ये साडेपाचचं असतं आणि त्याच बाकावर बसलेलं जानेवारीतलं जवळपास साडेसहाचं. या वयात एका वर्षाचा फरक म्हणजे एखादी सबंध पायरी. गुरुजींना पटावर दिसते ती जन्मतारीख, पायरी दिसत नाही. २०२२ पासून राज्यात 'पहिले पाऊल' नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात. नोंदणीपासून मातांना मार्गदर्शनापर्यंत सात टेबलं मांडलेली, मूल एकेका टेबलावरून पुढे जातं, आईच्या हाती सुट्टीतल्या कृतींची कार्डं. मेळाव्याची गोम अशी की गर्दीत दाखल्याचं काम हे तपासणीपेक्षा मोठं होऊन बसतं. पण मातांचे गट हा त्यातला खरा नफा आहे. जिथे पाच-सहा आया मेमध्ये खरंच एकत्र बसतात तिथे शिकलेली एखादी थोरली मुलगी कार्ड वाचून दाखवते आणि काम चालतं.

सेविकेकडून शाळेकडे वजन-उंचीचं कार्ड जातं, जन्माचा दाखला जातो. मूल गोष्ट कुठवर सांगतं, टाळ्या कशा वाजवतं, किती चिंचोके मोजून देतं, घरची भाषा कोणती आणि वर्षात किती महिने गावाबाहेर होतं, या पाच ओळी जात नाहीत. सात मुलांच्या मिळून पस्तीस ओळी, वहीचं दीड पान. पुष्कळ गावांत अंगणवाडी शाळेच्याच आवारात असते, मध्ये एक हापसा असतो. तरीही ते दीड पान पलीकडे पोहोचत नाही, कारण लिहायला कुणी सांगितलेलं नाही आणि मागायला कुणी येत नाही.

जूनच्या शेवटी-शेवटी मधल्या सुट्टीत पहिलीतली काही मुलं अंगणवाडीच्या दारात परत येऊन बसतात. सेविका त्यांना हुसकून लावते, "तू आता मोठा झालास, जा." हुसकण्याआधी कोण कोण येतंय ते तिने पाहून ठेवावं आणि सुट्टी संपताना गुरुजींना तेवढी नावं सांगावीत. बहुधा तीच मुलं पान नंबर तीनवर अडलेली असतात.